झुलता कंदील आणि कांद्याचा पापुद्रा

आमच्या गॅलरीत दिवाळीला टांगलेला आकाशकंदील वाऱ्याने डावीकडून उजवीकडे जाऊन परत डावीकडे यायला दोन सेकंद घेतो. मी हे घड्याळ लावून मोजले आहे. दहा झोके, वीस सेकंद. हुकापासून कंदिलाच्या मध्यापर्यंत दोरीची लांबी सुमारे एक मीटर भरते आणि एक मीटरच्या लंबकाला एका पूर्ण झोक्यासाठी तेवढाच वेळ लागतो. हे मोजायची वेळ आली, कारण त्याआधी मी टॅबलेटवर हाताने काढलेला कंदील एका सेकंदात झोका पुरा करत होता. चित्रे एकेकटी पाहिली तर चांगली होती. चालवली की मात्र तो कंदील गॅलरीतला वाटत नव्हता. गाडीच्या आरशाला लटकवलेल्या खेळण्यासारखा तो हलत होता.

हाच कंदील धरून टॅबलेटवर हाती ॲनिमेशनची मांडणी कशी करायची ते सांगतो. सॉफ्टवेअर आहे क्रिटा. ते मोफत मिळते आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर चालते. २०१६ साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात ॲनिमेशनची सोय आहे. इथल्या बटणांची नावे पाचव्या आवृत्तीतली आहेत. दुसरे कुठले सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावे बदलतील, पण काम तेच राहील.

आधी नावाचे बघू. टाइपरायटरच्या काळात कार्बन प्रती काढायला एक पातळ, करकरीत, अर्धपारदर्शक कागद वापरत. कांद्याच्या वाळक्या पापुद्र्यासारखा दिसतो म्हणून इंग्रजीत त्याला ओनियन स्किन म्हणत. ॲनिमेशनच्या टेबलात काच असते आणि काचेखाली दिवा. कागदांना भोके पाडून ते खुंट्यांवर बसवले की खालच्या कागदावरचे चित्र वरच्या कागदातून दिसते, आणि ते पाहत पुढचे चित्र काढता येते. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ साली डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागात घडले, आणि १९५७ साली त्यातून ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट बाहेर पडला. तेव्हाच्या ॲनिमेटरला मागचे चित्र दिसत असे ते कागदातून आणि दिव्याच्या उजेडातून. आता हे काम सॉफ्टवेअर करते. मागचे चित्र लाल आणि पुढचे हिरवे, असे दोन्ही फिकट रंगांत तुमच्या चालू चित्राखाली दिसत राहते. चित्र नेहमी आपल्या शेजाऱ्यांना पाहून काढायचे, ही पद्धत जुनीच आहे.

पण सुरुवात टॅबलेटपासून करायची. ज्याला स्वतःचा स्क्रीन नाही असा साधा पेन टॅबलेट असेल तर एक नाणे घ्या, टॅबलेटवर ठेवा आणि त्याच्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर वर्तुळ उमटले तर ठीक. अंडाकृती उमटले तर टॅबलेटच्या पृष्ठभागाचे आणि स्क्रीनचे प्रमाण जुळत नाही. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करायचा. टॅबलेटची थोडी कड वाया जाते, ती जाऊ द्यावी. हे जुळलेले नसेल तर हात जे वळण घेतो ते स्क्रीनवर चेपलेले उमटते. झुलणाऱ्या वस्तूचा सगळा डौल वळणात असतो, त्यामुळे इथेच नुकसान होते.

दुसरी तपासणी दाबाची. क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये Tablet settings आहे आणि तिथे टेस्टर आहे. पेन हलके टेकवून हळूहळू दाबत न्या, दाबाचे आकडे चढत गेले पाहिजेत. चढत नसतील आणि विंडोज असेल तर त्याच पानावर पेनशी बोलण्याच्या दोन पद्धती दिसतात, WinTab आणि Windows Ink. चालू असलेली सोडून दुसरी निवडा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. माणसे पेन बदलतात, केबल बदलतात आणि हे पान उघडत नाहीत.

आता फाइल. १९२० बाय १०८० पिक्सेल पुरेसे आहे. याहून मोठा कागद घेतला तर प्रत्येक फ्रेमचे ओझे वाढते आणि चालवून बघताना मशीन अडखळते. Window मेन्यूतल्या वर्कस्पेसच्या यादीतून Animation निवडा, म्हणजे खाली टाइमलाइन उघडेल. Onion Skins नावाची खिडकी दिसली नाही तर Settings मधल्या Dockers मधून ती सुरू करा.

लेयरची मांडणी आधीच ठरवायला हवी. नव्या फाइलमध्ये तळाला पांढरा Background असतो. त्यावर गॅलरीचा कठडा आणि हूक एकदाच काढा. तो लेयर हलत नाही, एकच चित्र सगळ्या वेळात टिकते. त्याच्या वर दोन रिकामे, पारदर्शक लेयर घ्या, एक कंदिलाच्या अंगासाठी आणि एक खालच्या झिरमिळ्यांसाठी. हे दोन वेगळे का, ते पुढे येईलच. नवशिक्या माणसाची पहिली अडचण मात्र इथेच उभी राहते. तो पांढऱ्या Background वरच ॲनिमेशन करायला घेतो, ओनियन स्किन चालू करतो आणि काहीच दिसत नाही. दिसणार कसे? मागच्या चित्रावर नव्या फ्रेमचा पांढराशुभ्र रंग बसलेला असतो. कागद पारदर्शक असेल तरच त्यातून मागचे दिसते.

टाइमलाइनमध्ये प्रत्येक लेयरच्या ओळीत एक छोटा दिव्याचा बल्ब आहे. तो लावला की त्या लेयरची ओनियन स्किन चालू होते. बल्ब लेयरमागे वेगळा असतो हे लक्षात ठेवा. कंदिलावर काम करताना झिरमिळ्यांचा बल्ब बंद ठेवावा, नाहीतर लाल-हिरव्या रेषांच्या जंगलात आपली रेघ हरवते.

वेग सेकंदाला २४ फ्रेम ठेवा. याचा अर्थ सेकंदाला २४ चित्रे काढायची असा नाही. हळू चालणाऱ्या गोष्टीला प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी चालते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. क्रिटात फ्रेमची मोजणी शून्यापासून होते. म्हणून माझ्या पहिल्या, एका सेकंदाच्या झोक्यात चित्रे ०, २, ४ अशी २२ पर्यंत होती. फ्रेम शून्यवर कंदील पार डावीकडे, १२ वर पार उजवीकडे, आणि ६ व १८ वर मधोमध.

चार मुख्य चित्रे झाली की मधली चित्रे भरायची. इथे सांभाळायला हवे. ओनियन स्किन चालू असते, एका बाजूला लाल कंदील, दुसऱ्या बाजूला हिरवा, आणि हात आपोआप दोन्हींच्या बरोबर मध्ये जातो. असे प्रत्येक ठिकाणी केले की कंदील सगळीकडे एकाच वेगाने सरकतो आणि टोकाला जाऊन एकदम उलटा वळतो, जणू कुणी ढकलतो आहे. शेजारी कुठे आहेत एवढेच ओनियन स्किन सांगते. आपण कुठे असायचे ते आपणच ठरवायचे असते.

खरा लंबक टोकाला रेंगाळतो आणि मध्यातून सपाट्याने जातो. कंदील टोकाला २० अंश कललेला असेल तर पुढच्या चित्रात तो साधारण १७ अंशांवर हवा, त्याच्या पुढच्यात १० वर आणि मग शून्यावर. म्हणजे आधी तीन अंशांचे अंतर, मग सातांचे, मग दहांचे. हे आकडे पाठ करायची गरज नाही. वेगळ्या लेयरवर हुकापासून खाली सात रेघा ओढून ठेवा, २०, १७, १० आणि मधली शून्याची, आणि दुसऱ्या बाजूला तशाच. मग ओनियन स्किनमध्ये लाल-हिरवा कंदील दिसत असला तरी आपला कंदील त्या रेघेवर बसवायचा. चित्रे टोकाशी दाट आणि मध्यात विरळ दिसली, म्हणजे तुमचे बरोबर चालले आहे.

आता Onion Skins च्या खिडकीकडे या. मध्ये शून्य, डावीकडे मागची चित्रे, उजवीकडे पुढची, आणि प्रत्येकाला एक उभी पट्टी. पट्टी वर ओढली की ते चित्र गडद होते, खाली ओढली की फिके, आणि पट्टीचा आकडा टिचकीने बंदही करता येतो. क्रिटा फ्रेम मोजत नाही, काढलेली चित्रे मोजते. म्हणून दोन फ्रेम टिकणारे चित्र असले तरी मागचा एक म्हणजे मागचे एक पूर्ण चित्रच. ही सोय फार उपयोगी आहे, कारण पुढे चित्रांमधले अंतर बदलले तरी पट्ट्या हलवाव्या लागत नाहीत. कंदिलाच्या अंगासाठी मी मागचे एक आणि पुढचे एक एवढेच चालू ठेवतो. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे दिसत नसतील तर खाली दोन रंगांचे चौकोन आहेत, तिथे निळा आणि नारिंगी घ्या. कितीतरी लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही आणि ते विनाकारण चाचपडत राहतात.

झिरमिळ्यांचे गणित मात्र वेगळे. कागदाच्या पट्ट्यांना कंदील ओढत नेतो, त्या त्याच्या मागून येतात. कंदील मध्यातून उजवीकडे जात असताना झिरमिळ्यांची टोके अजून डावीकडेच असतात. कंदील उजव्या टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा ती टोके त्याच्या पुढे निघून जातात. म्हणूनच अंग आणि झिरमिळ्या दोन लेयरवर ठेवल्या. परतीच्या झोक्यात कंदिलाचे अंग पुन्हा त्याच सात रेघांवर येते, म्हणून आधीचे चित्र Ctrl दाबून टाइमलाइनवर ओढले तर त्याची नक्कल पुढच्या फ्रेमवर बसते. झिरमिळ्यांना हे चालत नाही. जाताना त्या एका बाजूला वळलेल्या असतात आणि येताना दुसऱ्या, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्यानेच काढाव्या लागतात.

यांच्यासाठी पट्ट्यांची मांडणीही बदलावी. मागची तीन चित्रे चालू करा, सर्वांत जवळचे गडद, मग फिकट, मग अगदी पुसट. पुढचे सगळे बंद. आता मागची तीन टोके एका वळणावर कशी बसली आहेत ते दिसते आणि चौथे टोक त्याच वळणाच्या पुढे पडते. झिरमिळीच्या टोकाचा पूर्ण मार्ग एका आडव्या, चेपलेल्या इंग्रजी आठासारखा व्हायला हवा. एखादे टोक त्या मार्गाबाहेर पडले तर चालवताना तिथे झिरमिळी झटका खाते. डोळ्याला झटका कळतो, कारण कळत नाही. कारण शोधायचे असेल तर मागची तीन आणि पुढची तीन अशी सगळी चालू करून टोकांचे ठिपके जोडून पाहायचे. सहापैकी एक ठिपका वळणाबाहेर दिसेल.

काढताना एक चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही झाली आहे. टाइमलाइनवर भरलेला चौकोन म्हणजे काढलेले चित्र, आणि त्याच्या पुढची ओळ म्हणजे तेच चित्र टिकून आहे. त्या ओळीवर कर्सर ठेवून पेन टेकवले आणि Auto Key बंद असेल, तर नवे चित्र तयार होत नाही, आधीच्याच चित्रावर गिरवले जाते. ओळखायची खूण सोपी आहे. पेन टेकवण्याआधी बघा, मागचे चित्र लाल दिसते का? लाल दिसले तर तुम्ही नव्या, रिकाम्या फ्रेमवर आहात. काळे, आपल्या मूळ रंगात दिसले तर तुम्ही अजून जुन्याच चित्रावर उभे आहात. तेव्हा थांबा, राइट क्लिक करून Create Blank Frame घ्या आणि मगच काढा.

ब्रशबद्दल माझे मत ठाम आहे. ॲनिमेशनसाठी ब्रश जितका साधा तितका चांगला. कच्च्या चित्रांसाठी क्रिटातली c) Pencil-2 ही पेन्सिल छान आहे, फिकट निळ्या रंगात. पण पक्क्या रेघांसाठी ती नको. पेन्सिलीचा दाणेदारपणा प्रत्येक चित्रात वेगळा पडतो आणि सेकंदाला बारा चित्रे चालली की सगळी रेघ उकळत्या पाण्यासारखी थरथरते. काही चित्रपटांत ही थरथर मुद्दाम ठेवतात. स्थिर लटकलेल्या कंदिलाला ती नको असते. पक्क्या रेघेसाठी d) Ink-2 Fineliner घ्या, काळा रंग, आकार सहा पिक्सेल, आणि पूर्ण तीन दिवस त्याला हात लावू नका. अधूनमधून आकार बदलला तर काही चित्रांत रेघ जाड आणि काहींत बारीक होते, आणि चालवताना कंदील धडधडतो. झूम केल्यावर रेघ मोठी दिसते म्हणून ब्रश लहान करण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण ब्रशचा आकार कागदाच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो, स्क्रीनच्या नाही.

दाबाप्रमाणे रेघ फिकी-गडद होणारा ब्रशही टाळावा. ओनियन स्किन आधीच चित्र फिके करून दाखवते. रेघही फिकी असेल तर मागचे चित्र दिसेनासे होते आणि हात अंदाजाने चालतो. रंग भरतानाही फिक्या रेघेतून बादलीचा रंग बाहेर गळतो. दाबाने जाडी बदलणारा ब्रश चालेल, पण गडदपणा मात्र सगळीकडे सारखा हवा.

ब्रशच्या Tool Options मध्ये रेघ गुळगुळीत करण्याचे पर्याय आहेत. Stabilizer सर्वांत जास्त गुळगुळीत करतो, पण रेघ हाताच्या मागून येते आणि झिरमिळीसारखी झटकन काढायची वळणे त्यात गोठतात. कच्च्या चित्रांना Basic, पक्क्या रेघांना Weighted, हे मला सोयीचे वाटते. तुमचा हात थरथरत असेल तर Weighted चे अंतर थोडे वाढवून पाहा.

एवढे करून पहिला झोका झाला, बारा चित्रांचा, एका सेकंदाचा. चालवताना Drop Frames चालू ठेवले होते. ते बंद असते तर मशीन दमल्यावर झोका संथ झाला असता आणि वेळ चुकल्याचे मला कळलेच नसते. ते चालू असेल तर मशीन काही फ्रेम गाळते, पण एक सेकंद एकच सेकंद राहतो. आणि खरा सेकंद दिसला तेव्हा गॅलरीतला कंदील हलत नव्हता, खेळणे हलत होते. लंबकाला दोरीची लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट लागतो. एका सेकंदाचा झोका म्हणजे पाव मीटरची दोरी. माझ्या चित्रात मात्र कठडा, खिडकी आणि कंदील यांची प्रमाणे एक मीटरच्या दोरीची होती. दोरी मीटरची आणि झोका पाव मीटरचा, हे डोळ्याला लगेच खटकते.

उपाय टाइमलाइनवर आहे. बाराही चित्रे निवडली, राइट क्लिक करून Hold Frames मधून प्रत्येकाला दोन फ्रेम जादा टिकवायला सांगितले. चित्रे आता ०, ४, ८ अशी पसरून ४४ पर्यंत गेली आणि झोका ४८ फ्रेमचा, दोन सेकंदांचा झाला. वेळ बरोबर आली, पण चार-चार फ्रेम एकच चित्र टिकल्याने हालचाल तुटक दिसू लागली. मग २, ६, १० अशी मधली बारा नवी चित्रे काढली. यासाठी पट्ट्या पुन्हा मागचे एक, पुढचे एक. फ्रेम २ वर कंदील १९ अंशांच्या थोडा पुढे हवा होता. २० आणि १७ च्या मध्याला साडेअठरा येते. साडेअठरावर ठेवला असता तर टोकाची रेंगाळ गेली असती. म्हणून लाल कंदिलाला जवळ जवळ चिकटवून काढला. सगळ्यांत कंटाळवाणे चित्र तेच होते, जवळजवळ मागच्याचीच प्रत. पण चालवल्यावर कंदील टोकाला जो श्वास घेतो तो त्या चित्रामुळेच.

आता फक्त जोड राहिला. झोका पुन्हा पुन्हा फिरायचा असेल तर शेवटचे चित्र पहिल्याला मिळाले पाहिजे. पण ४६ व्या फ्रेमवर काम करताना पुढे काहीच नसते. तिथे क्रिटा फ्रेम शून्य दाखवत नाही, टाइमलाइनच्या शेवटापाशी ओनियन स्किन संपते. म्हणून दोन्ही लेयरवर पहिल्या चित्राची नक्कल फ्रेम ४८ वर ठेवली आणि ॲनिमेशनच्या सेटिंगमध्ये Clip End ४७ केला. ४८ वरचे चित्र कधीच चालत नाही, ते फक्त बघायला आहे. आता ४६ वर उभे राहिले की ४४ चे चित्र लाल आणि पुढचे, म्हणजे खरे तर पहिलेच, हिरवे दिसते. माझ्या उजवीकडच्या दोन झिरमिळ्यांची टोके हिरव्या वळणापासून पाच-सहा पिक्सेल खाली होती. ती वर उचलली, बल्ब बंद केला आणि पुन्हा चालवले. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते आता दिसत नव्हते.